मित्राला भागीदार करावं, की त्याच्याकडून पैसे उसने घ्यावेत?

लाकडी घाण्याचा व्यवसाय सुरू करायचा म्हणून दोघं मित्र माझ्यासमोर बसले होते. पाचशेचा स्टॅम्प पेपर येतानाच घेऊन आले होते. "पन्नास-पन्नास टक्के लिहा, बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ," एक म्हणाला. मी विचारलं, घाण्यावर रोज कोण बसणार? त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. पैसे कोण घालणार? पाच लाखांतले चार लाख दुसरा देणार होता. तो खासगी कंपनीत नोकरीला होता आणि नोकरी सोडायचा त्याचा विचार नव्हता. मी स्टॅम्प पेपर बाजूला ठेवला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

लहान धंद्यांचे हिशेब लिहिणं आणि विवरणपत्रं भरणं हे माझं काम. दोस्तीतल्या भागीदाऱ्या मोडताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या बहुतेक वेळा लबाडीने मोडत नाहीत. पैसा, मेहनत आणि जोखीम या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि 'पन्नास-पन्नास' या एका शब्दात त्या एकत्र कोंबल्या जातात, तिथे गाठ बसते. त्या दोघांशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. दाण्याचा भाव तर हंगामागणिक बदलतो, त्यामुळे तुमचे आकडे तुम्ही घाला.

आधी धंदा काय देतो ते बघू. घाणा, तेल गाळायचं साहित्य, वजनकाटा आणि टाक्या मिळून २,८०,००० रुपये. गाळ्याचं डिपॉझिट ५०,०००, वीजजोडणी आणि वायरिंग २०,०००, पहिल्या शेंगदाण्याला १,५०,०००. एकूण पाच लाख. एका वेळी पंधरा किलो दाणा घातला तर दिवसाला चार घाणे होतात, म्हणजे ६० किलो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५०० किलो. चाळीस टक्के उतारा धरला तर ६०० किलो तेल निघतं. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने ते साधारण ६६० लिटर भरतं. ३२० रुपये लिटरने २,११,२०० रुपये झाले. पेंड ८८० किलो, ४५ रुपयांनी ३९,६०० रुपये. म्हणजे महिन्याची विक्री २,५०,८०० रुपये.

खर्चात सगळ्यात मोठा दाणा. १२० रुपये किलोने १,८०,००० रुपये. मग भाडं ८,०००, वीज ६,०००, बाटल्या-लेबलं ८,०००, मदतनीस १०,००० आणि किरकोळ २,८००. हातात राहतात ३६,००० रुपये.

आता हे ३६,००० दोघांत कसे वाटायचे?

काहीच लिहून ठेवलं नाही तर कायदा आपल्या वतीने ठरवतो. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याचं कलम १३ म्हणतं की वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा, कामाबद्दल कोणत्याही भागीदाराला पगार नाही. भांडवलावर व्याजही करारात ठरलं असेल तरच, आणि तेही नफ्यातूनच. म्हणजे दोघांना अठरा-अठरा हजार. दिवसभर दाण्याची धूळ आणि घाण्याचा आवाज सोसणाऱ्याला अठरा हजार, आणि संध्याकाळी चक्कर मारणाऱ्यालाही अठरा हजार. वर्षाला चार लाखांवर २,१६,००० रुपये. सहा महिन्यांत घाण्यावरच्या मित्राच्या मनात जे सुरू होतं, ते मी इथे लिहायची गरज नाही.

'ज्याचं भांडवल त्याचा नफा' असं म्हटलं तर अवस्था आणखी वाईट. ८०:२० ने घाण्यावरच्याला महिन्याला ७,२०० रुपये येतात, त्याच्या मदतनीसाच्या पगारापेक्षा कमी.

म्हणून मी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात कामाचा पगार. घाण्यावर बसणाऱ्याला महिना १५,०००, कारण त्याच्या जागी माणूस ठेवला असता तर साधारण तेवढा द्यावा लागला असता. दुसऱ्यात भांडवलावरचं व्याज, वर्षाला १२ टक्के: नोकरीवाल्याला महिना ४,००० आणि घाण्यावरच्याला १,०००. उरलेले १६,००० तिसऱ्यात. तो खरा नफा, जोखमीचा मोबदला, आणि तो अर्धा-अर्धा. हिशेब असा आला: घाण्यावरचा २४,०००, नोकरीवाला १२,०००. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान डोलावली. टक्के पन्नासच राहिले, फक्त कशाचे पन्नास ते आता स्पष्ट झालं.

यात एक ओळ न विसरता लिहावी: नफा कमी पडला तर आधी काय द्यायचं? पावसाळ्यात विक्री घटली, पगार-व्याजाआधी १२,००० रुपयेच राहिले, तर? त्यांनी ठरवलं की पगार आधी, मग व्याज, आणि राहिलेला पगार पुढच्या महिन्यात ओढायचा. उलटंही ठरवता येतं. पण ते ठरवायचं चांगल्या दिवसांत.

इथपर्यंत भागीदारी छान दिसते. मग मी कराचा रकाना काढला, आणि पान बदललं.

एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं वेगळं अस्तित्व नसतं. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. वर्षाचा ४,३२,००० रुपयांचा नफा मालकाच्या उत्पन्नात धरला जातो, आणि २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत निवासी व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. भागीदारी फर्मला मात्र ही सवलत नाही आणि टप्पेही नाहीत. पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. करारात लिहिलेला पगार आणि १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज यांची वजावट मर्यादेत मिळते, पण आपल्या हिशेबातल्या उरलेल्या १६,००० वर महिन्याला जवळपास ५,००० रुपये कर जातो. राहतात ११,०००. मग घाण्यावरच्याला २४,००० ऐवजी २१,५०० आणि नोकरीवाल्याला १२,००० ऐवजी ९,५००. वर्षाला सुमारे साठ हजार रुपये केवळ 'फर्म' असण्याचे.

पगार वाढवून हा कर कमी करता येतो. एवढ्या नफ्यात वजावटीची मर्यादा बरीच सैल आहे. पण पगार काम करणाऱ्या भागीदाराचाच धरला जातो. नोकरीवाला घाण्यावर येतच नसेल तर त्याच्या नावावर पगार दाखवणं खोटं ठरेल. शिवाय एप्रिल २०२५ पासून फर्मने भागीदाराला दिलेला पगार आणि व्याज वर्षाला २०,००० रुपयांवर गेलं की १० टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. काम अवघड नाही, पण पहिल्या वर्षी हमखास राहून जातं.

म्हणून मी त्यांना तो प्रश्न विचारला जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता: मित्र तुम्हाला कशासाठी हवा आहे?

मित्र जर रोज येणार असेल, त्याच्या हातात असं काम असेल जे तुम्हाला येत नाही, उदाहरणार्थ तुम्ही घाणा चालवता आणि तो दुकानदारांकडे फिरून माल लावतो, तर भागीदारीला अर्थ आहे. दोघांनाही पगार लावता येतो, कराचा बोजा हलका होतो, आणि एक आजारी पडला तरी गाळ्याचं शटर उघडतं. पण मित्राकडून फक्त पैसे हवे असतील तर त्याला भागीदार करण्याऐवजी त्याच्याकडून कर्ज घेणं बहुतेक वेळा दोघांच्याही भल्याचं असतं.

करून बघू. नोकरीवाल्याने चार लाख १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी उसने दिले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,९०० रुपये. घाण्यावरचा एकटा मालक. ३६,००० वजा ८,९००, हातात २७,१०० रुपये, आणि पाच वर्षांनी धंदा पूर्ण त्याचा. नोकरीवाल्याला दरमहा ठरलेला पैसा मिळतो, मुद्दलही परत येत राहते. मिळालेलं व्याज त्याच्या उत्पन्नात धरलं जाईल, एवढंच. धंदा वाढला तर वाढीतला वाटा त्याला मिळणार नाही, ही त्याची किंमत. पण धंदा बुडाला तर दुसऱ्याचं देणं त्याच्या दारात येत नाही.

ही शेवटची गोष्ट लोकांना नीट माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. समजा दाण्याचा भाव चढणार म्हणून घाण्यावरच्याने आडत्याकडून तीन लाखांचा माल उधारीवर उचलला. नोकरीवाल्याला फोनही केला नाही. तरी तो व्यवहार धंद्याच्या नेहमीच्या कामातला असल्याने फर्मला बांधतो. पैसे थकले तर आडत्या तिन्ही लाख नोकरीवाल्याकडून मागू शकतो. 'माझा वाटा निम्मा' हे उत्तर आडत्यापुढे चालत नाही. ते त्याने नंतर मित्राशी बघायचं. त्याचं घर, त्याची ठेव, सगळं यात येतं. 'एका मर्यादेवरची उधारी दोघांच्या सहीशिवाय नाही' असं करारात जरूर लिहावं, पण आडत्याला ती अट माहीत नसेल तर ती त्याच्यावर बंधनकारक नाही, हेही लक्षात ठेवावं. ही जबाबदारी मर्यादित करणारा एलएलपी हा प्रकार २००८ च्या कायद्याने आला, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि त्यांचा खर्च पाहता एका घाण्यासाठी तो मला जड वाटतो.

मित्र सरकारी नोकरीत असेल तर भागीदारीचा विषय तिथेच थांबवा. सेवानियमांत खासगी धंद्याला बंदी असते. खासगी नोकरी असेल तर नेमणूकपत्र काढून वाचा, अनेक पत्रांत तशी अट असते.

कर्ज घ्यायचं ठरलं तर रक्कम बँकेतूनच घ्या. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेतल्यास आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेपर्यंत दंड आहे. व्याज, हप्ता आणि मुदत कागदावर लिहा. असं येणं वसूल करायला दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत घेणाऱ्याने 'एवढे देणे बाकी आहे' असं सही करून लिहून दिलं की मुदत तिथून नव्याने मोजली जाते. दरवर्षी ३१ मार्चला बाकीचा एक कागद सही करून एकमेकांना द्यावा. दोन ओळींचं काम आहे.

त्या दोघांना मात्र भागीदारीच करायची होती. नोकरीवाल्याला पुढे घाण्यात उतरायचं होतं, आणि मला ते कारण पटलं. मग आम्ही मोडण्याचा हिशेब सुरुवातीलाच मांडला. समजा, दोन वर्षांनी नोकरीवाला बाहेर पडतो. दरमहाचे पैसे दोघांनी वेळच्या वेळी घेतलेले आहेत. त्या दिवशी गाळ्यात काय आहे? घाणा आणि साहित्य आज विकलं तर १,५०,०००. डिपॉझिट ५०,०००. शिल्लक माल १,५०,०००. गिऱ्हाइकांकडून येणं ४०,०००. बँकेत ४०,०००. झाले ४,३०,०००. आडत्याचं देणं ८०,०००. उरले ३,५०,०००. भांडवल होतं पाच लाख. म्हणजे दीड लाखाची तूट.

"नफा तर दर महिन्याला होत होता, मग ही तूट कुठून आली?" घाण्यावरच्याने विचारलं. घाणा जुना झाला आणि वायरिंग भिंतीत गेलं, तिथून आली. त्या ३६,००० मध्ये आम्ही झीज धरलीच नव्हती. दीड लाख भागिले चोवीस, महिन्याला ६,२५० रुपये. खरा नफा ३०,००० च्या आतलाच होता. वरचं २७,१०० चं गणितही याच नजरेने पुन्हा बघायला हवं. तिथे झीज एकट्या मालकाच्या माथी आहे.

आता ही तूट कशी वाटायची? तोटाही नफ्याच्या प्रमाणात, म्हणजे अर्धा-अर्धा. प्रत्येकी ७५,०००. नोकरीवाल्याला ४,००,००० वजा ७५,०००, म्हणजे ३,२५,००० परत. घाण्यावरच्याच्या एक लाखातले राहतात २५,०००. धंदा त्यालाच पुढे चालवायचा असेल तर सव्वातीन लाख त्याने मित्राला द्यायचे, आणि बँकेत आहेत ४०,०००.

हे पान बघून दोघं बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीच तीन गोष्टी ठरवल्या. झिजेपोटी दरमहा ६,००० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पगार-व्याज त्यानंतर. बाहेर पडणाऱ्याने तीन महिने आधी लेखी सांगायचं आणि त्याचे पैसे अठरा हप्त्यांत फेडायचे. घाण्याची किंमत दोघांना मान्य असलेल्या मेकॅनिककडून लिहून घ्यायची. दुकानाचं नाव आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची गिऱ्हाइकांची यादी चालवणाऱ्याकडे राहील, हे मी सुचवलं. यावरून होणारी भांडणं पैशांपेक्षा कडवट असतात.

दोघांच्याच भागीदारीत एकाचा मृत्यू झाला तर फर्म तिथेच संपते, कारण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. वारसांना आपोआप भागीदार होता येत नाही, त्यांना त्या माणसाच्या वाट्याची रक्कम मिळते. हिशेब न करता दुसऱ्याने त्याच मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर करार वेगळा नसल्यास वारसांना त्या काळातल्या नफ्यातला योग्य हिस्सा किंवा आपल्या रकमेवर सहा टक्के व्याज, यांपैकी हवं ते मागता येतं.

करार झाला की तो फर्म निबंधकाकडे नोंदवावा. नोंदणी नसली तरी भागीदारी वैध असते, म्हणून लोक टाळतात. पण नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकावर करारातल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. एखाद्या हॉटेलवाल्याने साठ हजारांचं तेल नेलं आणि हात वर केले, तर कोर्टाचा दरवाजा बंद. भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर करारातला हक्क मागता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागायचा दावा मात्र करता येतो. महाराष्ट्राने १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नोंदणी नसलेल्या फर्मसाठी तीही वाट अडवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. जुनी पुस्तकं वाचून कोणी उलटं सांगत असेल तर हे माहीत असू द्या.

एकट्याच्या धंद्याला हे काहीच लागत नाही. त्याला पुरतात शॉप अ‍ॅक्टची नोंद, खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय, आणि udyamregistration.gov.in वर उद्यम नोंदणी, जी मोफत आहे. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. या घाण्याची वर्षाची विक्री ३० लाखांच्या आसपास आहे. फक्त मालाच्या विक्रीसाठी आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख, त्यामुळे सुरुवातीला ती लागणार नाही, पण विक्रीवर लक्ष ठेवा.

आपल्याकडे म्हण आहे, भागीचे घोडे किवणाने मेले. मालक दोन, आणि घोड्याची जखम दुसरा धुवेल असं दोघांनाही वाटत राहतं. मी पाहिलेल्या धंद्यांत ही जखम बहुधा गल्ल्यात असते. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड एकाच्या खासगी खात्याचा असतो, 'करंट खातं उघडेपर्यंत' म्हणून लावलेला. तेलाचे पैसे त्यात येतात, त्यातूनच किराणा भरला जातो, मुलाची फी जाते. कोणी चोरी केलेली नसते. पण वर्षाअखेर धंद्याचे किती आणि घरचे किती, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही, आणि मग संशयाला जागा होते. हे ओळखायची खूण सोपी आहे: महिन्याच्या पाच तारखेला गेल्या महिन्याची विक्री किती, असं दोघांना वेगवेगळं विचारा. आकडे जुळले नाहीत, किंवा एकाने 'त्याला विचारा' म्हटलं, की जखम सुरू झाली आहे.

म्हणून फर्मचं करंट खातं उघडेपर्यंत विक्री सुरू करायची नाही, असं त्यांना सांगितलं. ठरलेल्या पगाराव्यतिरिक्त कोणी पैसे घेतले तर ते त्याच्या नावावर उचल म्हणून त्याच दिवशी वहीत. घरी नेलेली तेलाची बाटलीही उचलच, ३२० रुपयांनी. नोकरीवाला यावर हसला आणि म्हणाला, "आईला पहिला डबा पाठवायचाय, तोही लिहायचा?" घाण्यावरच्याने पेन उचललं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: दोन्ही घरांना महिन्याला पाच-पाच लिटर, खर्चात. त्यापुढचं उचल. दोघांनी त्याखाली सह्या केल्या, आणि मग मी स्टॅम्प पेपर परत समोर घेतला.